कोकणच्या दमट हवेत कुरळे केस वाळवताना: डिफ्युझर कधी, नुसती हवा कधी

कुरळ्या केसांबद्दलचे व्हिडिओ बघायला लागलात की दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो ड्रायर म्हणजे केसांचं वाटोळं, आपोआप वाळू द्या. दुसरा म्हणतो ड्रायरच्या तोंडाला डिफ्युझर, म्हणजे वारा पसरवणारा वाडगा, लावल्याशिवाय कर्ल नीट बसतच नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात पण दोघंही आपली हवा विचारात घेत नाहीत. राजस्थानात किंवा पुण्यातसुद्धा केस दीड-दोन तासांत वाळतात, तेच वेंगुर्ला, मालवण, गुहागर, अलिबाग अशा पट्ट्यात जुलैमध्ये सकाळी धुतलेले केस दुपारी जेवताना मानेपाशी ओलेच. त्यामुळे आपल्याकडे प्रश्न 'ड्रायर वाईट की चांगला' असा नाहीच, आज बाहेरची हवा केसातलं पाणी ओढून घेणार आहे की नाही एवढाच आहे. मी किनाऱ्यावर राहते, स्वतःचे केस कुरळे, आणि घरात लहानमोठ्या सगळ्या बायकांचे कुरळे, त्यामुळे दोन्ही प्रकार बारा महिने चालू असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितेय.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग बाकीचं सोपं जातं

केस ओला झाला की त्याच्या आतले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि वाळताना परत जुळतात. म्हणजे केस ज्या आकारात वाळतो तोच आकार धरून ठेवतो. ओली बट वळलेली असताना शांतपणे वाळली तर ती वळलेली राहते. वाळता वाळता तुम्ही तिच्यात बोटं घातली, पंख्याने ती उडाली, उशीवर घासली, तर बटेतले वीस-पंचवीस केस वीस-पंचवीस दिशांना वाळतात, आणि यालाच आपण केस पिंजारले म्हणतो. हा पहिल्या प्रकारचा फ्रिझ, वाळताना होणारा.

दुसरा प्रकार वाळल्यानंतरचा. केस हवेतलं बाष्प शोषतो, बऱ्यापैकी शोषतो, पूर्ण दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत. बाष्प आत गेलं की तेच बंध पुन्हा थोडे थोडे सुटतात आणि छान बसलेली बट संध्याकाळपर्यंत फुगते.

आता हे लक्षात ठेवा: डिफ्युझर फक्त पहिल्या प्रकारावर काम करतो, कारण तो वाळायचा वेळ कमी करतो आणि त्या वेळात बटेला खालून आधार देतो. दुसऱ्या प्रकारावर त्याचा काही इलाज नाही, तिथे जेल लागतं. बऱ्याच जणी डिफ्युझर विकत घेतात, जेल न लावता वापरतात आणि चार वाजता केस फुगले की डिफ्युझरला नावं ठेवतात, तो बिचारा त्याचं काम करून मोकळा झालेला असतो.

काय काय लागेल

- ड्रायर, ज्यात वाऱ्याचा वेग आणि उष्णता यांची बटणं वेगवेगळी आहेत. स्वस्त ड्रायरमध्ये एकच बटण असतं, हळू म्हणजे कोमट आणि जोरात म्हणजे कडक गरम. त्यातही 'हळू' वापरून काम होतं पण शेवटी थंड हवा मिळत नाही, ती मिळाली तर बरं.
- वाडग्याच्या आकाराचा, आत बोटांसारखे खुंट असलेला डिफ्युझर. घ्यायच्या आधी आपल्या ड्रायरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास टेपने मोजून घ्या, 'सगळ्यांना बसतो' असं लिहिलेलं असलं तरी. सैल बसला की केसांच्या मधोमध गळून पडतो. खूप लहान भोकं असलेला घेऊ नका, हवा आत कोंडते आणि ड्रायर तापून आपोआप बंद पडतो.
- जुना मऊ झालेला पंचा, नाहीतर सुती टी-शर्ट. जाड टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांची टोकं बटा फोडतात. आपल्या आज्या पंचाने केस टिपायच्या ते कुरळ्या केसांना एकदम योग्य होतं, फक्त त्याने झटकायचं नाही.
- धुतल्यावर केसात ठेवायचा कंडिशनर आणि चांगलं धरणारं जेल.
- मुळाशी लावायला चार-पाच चपट्या लांब चिमट्याच्या क्लिपा.
- खोबरेल तेल, दोन-तीन थेंब, तेही सगळ्यात शेवटी.

विजेचं एक आत्ताच सांगून टाकते. 1200 वॅटचा ड्रायर साधारण सव्वापाच अँपियर घेतो, तो भिंतीवरच्या साध्या 6 अँपियरच्या सॉकेटवर चालतो. 2000 वॅटचा पावणेनऊच्या आसपास घेतो, त्याला गिझर-फ्रिजवाला मोठा 16 अँपियरचा सॉकेटच पाहिजे. जुन्या घरातलं वायरिंग असेल तर 1000-1200 च्या वर जाऊच नका, डिफ्युझरला तसाही जोर लागत नाही. आणि घरगुती इन्व्हर्टरवर ड्रायर लावायचा विचारसुद्धा करू नका, दिवे-पंख्यांसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरला तो झेपत नाही.

1. आजची हवा बघा आणि ठरवा

हवामानाच्या ॲपमध्ये दमटपणाचे टक्के दिसतात, पण त्यावर जाऊ नका. जानेवारीत सकाळी सातला थंडीमुळे 85-90 टक्के दाखवेल आणि अकराला तीच हवा छान कोरडी झालेली असेल. त्याऐवजी दवबिंदू बघा, ॲपमध्ये तो ड्यू पॉइंट म्हणून येतो. हवेत खरोखर बाष्प किती आहे ते त्यातून कळतं आणि तो सकाळ-दुपार फारसा हलत नाही. मी पाळते तो नियम असा: 18 अंशांच्या खाली असेल तर केस हवेवर वाळू द्या, 18 ते 22-23 मध्ये असेल तर अर्धं काम हवेवर अर्धं डिफ्युझरवर, आणि त्याच्या वर, म्हणजे पावसाळ्यात जवळपास रोज आणि मे महिन्यातही बरेचदा, पूर्ण डिफ्युझर.

ॲप नको असेल तर दोरीवर बघा. सकाळी वाळत घातलेला पंचा दोन तासांत कोरडा झाला तर केसही वाळतील. पंचा दमट लागत असेल तर केसांचं नाव सोडा.

हवेवर वाळवायचं ठरलं तर वेळही सांभाळा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, ते त्यातल्या त्यात कोरडे. दुपारी वारा फिरतो आणि समुद्रावरून खारे वारे येतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आठ-साडेआठला केस धुतले तर बारापर्यंत वाळून होतात, पण बाराला धुवून खळ्यात बसलात तर वारा आणि बाष्प दोन्ही एकदम अंगावर घेताय.

2. धुणं आणि पाणी काढणं

गुंता कंडिशनर लावलेला असतानाच काढायचा, मोठ्या दातांच्या फणीने किंवा बोटांनी. यानंतर वाळेपर्यंत फणी नाही.

केस निथळत असतानाच आधी केसात ठेवायचा कंडिशनर आणि मग जेल लावायचं. खांद्यापर्यंतचे दाट केस असतील तर एक मोठा चमचा भरून जेल, ते दोन भाग करून डावी-उजवी बाजू, दोन्ही तळव्यांमध्ये बटा दाबत वरून खाली न्यायचं. मग मान खाली घालून, ओंजळीत टोकं घेऊन वर दाबायचं, यालाच स्क्रंच करणं म्हणतात. पुरेसं पाणी असेल तर दाबताना चिपचिप असा आवाज येतो. आवाज येत नसेल तर ओल्या हाताने थोडं पाणी घ्या.

मग पंचा. निथळणाऱ्या केसावर जेल लावायचं आणि लगेच पाणी काढायचं हे विचित्र वाटतं, पण बटा एकदा एकत्र चिकटल्या की मग टिपल्याने सुटत नाहीत. पंचा तळहातावर घ्या, खालून बट त्यात घ्या, मुठीत हळू दाबा, सोडा, पुढची बट. असं सगळ्या डोक्यावर दोन फेऱ्या. दमट हवेत ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे कारण इथे दाबून काढलेलं पाणी नंतर ना हवेला काढावं लागतं ना ड्रायरला. पुण्याच्या मुली एक फेरी करतात, आपण दोन करायच्या.

जेलबद्दल थोडं. जवसाचं, म्हणजे अळशीचं, घरी उकळून केलेलं जेल हिवाळ्यात फार सुंदर बसतं, मऊ राहतं, पण पावसाळ्यात ते पाणी धरतं आणि केसावर दिवसभर चिकटच राहतं. ग्लिसरिन जास्त असलेल्या क्रीमचं तेच, ते हवेतलं बाष्प ओढतं, आणि आपल्याकडे हवेत बाष्पाला काय तोटा. डबीवरच्या यादीत ग्लिसरिन पहिल्या चार-पाच नावांत असेल तर ती डबी थंडीसाठी ठेवा.

मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, त्या दिवसांत शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा घ्या. क्षार केसावर वाळले की केस राठ लागतात आणि मग माणूस उगाच जेल बदलत बसतो.

3. हवेवर वाळवायचं असेल तर

यात करायचं थोडं आणि न करायचं जास्त आहे. टाळूवर, भांगाच्या दोन्ही बाजूंना, मुळाशी क्लिपा लावा म्हणजे केस डोक्याला चिकटून सपाट वाळणार नाहीत. पाण्याचं वजन बटेला खाली ओढतं, त्यामुळे हवेवर वाळलेली बट लांब आणि सैल दिसते आणि डोक्यावर चपटेपणा येतो. ज्यांना लांबी दिसायला हवी आहे त्यांना हे आवडतंसुद्धा.

मग हात लावायचा नाही. खरंच लावायचा नाही. अंबाडा नाही, कानामागे सारणं नाही, ओढणी डोक्यावर नाही, झोपणं नाही, आणि ओल्या केसात आबोलीचा वळेसर माळणं तर अजिबात नाही, तो जिथे टेकतो तिथे खोलगट वळ वाळतो आणि फुलांखालचे केस संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. पंखा लावायचा तर एकवर, आणि थेट खाली बसायचं नाही. घरातली कामं खाली वाकून करायची असतील तर आधी उरका, मग केस धुवा, वाकलं की सगळ्या बटा पुढे येतात आणि परत मागे जाताना फुटतात.

आता एक गोष्ट ज्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. 2011 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी केसांच्या बटा वेगवेगळ्या अंतरावरून ड्रायरने वाळवून आणि नुसत्या हवेवर वाळवून तपासल्या. ड्रायर जवळ धरला तसं केसाच्या पृष्ठभागाचं नुकसान वाढलं हे अपेक्षितच होतं. पण आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराला इजा दिसली ती नुसत्या हवेवर वाळवलेल्या बटांमध्ये, आणि केस फार वेळ पाण्याने फुगलेला राहतो हे त्याचं कारण असावं असा त्यांचा अंदाज होता. 15 सेंटिमीटरवरून ड्रायर सतत हलवत वाळवणं त्यातल्या त्यात बरं ठरलं. एका अभ्यासावरून ड्रायर म्हणजे औषध असं कोणी म्हणणार नाही, पण पाच-सहा तास ओलं डोकं घेऊन फिरणं म्हणजे 'नैसर्गिक म्हणून चांगलं' हेही काही खरं नाही. शिवाय टाळू तेवढा वेळ ओली राहिली की कुबट वास आणि खाज येते ते पावसाळ्यात सगळ्यांनाच माहिती आहे.

4. डिफ्युझर वापरायचा असेल तर

न्हाणीघरात उभं राहून नको, तिथे वाफ असते आणि फरशी ओली. कोरड्या खोलीत, कोरड्या हाताने.

*पहिला टप्पा, नुसता वरून वारा.* पंचानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबा, चहा घ्या. मग ड्रायर मंद वेग, कमी उष्णता. डिफ्युझर केसांपासून वीतभर लांब धरून डोक्याभोवती फिरवत राहा, केसाला टेकवायचा नाही. मुळाशी जास्त वेळ द्या, टोकं आपोआप वाळतात. आठ-दहा मिनिटांत बटांच्या वरचं जेल वाळून कडक पापुद्रा येतो, हाताला कांजी केलेल्या सुती साडीसारखा लागतो. याला कास्ट म्हणतात. तो येईपर्यंत बटेला काहीही टेकवलं तर ती फुटते, आणि डिफ्युझरने केस पिंजारतात अशी जी तक्रार असते ती बहुतेक वेळा इथूनच येते, ओले केस थेट वाडग्यात कोंबल्यामुळे.

*दुसरा टप्पा, वाडग्यात.* मान एका बाजूला कलती करा. ड्रायर बंद करा. खाली लोंबणाऱ्या बटा डिफ्युझरच्या वाडग्यात गोळा करा, वाडगा वर टाळूपर्यंत न्या, मग ड्रायर चालू करा. अर्धं-एक मिनिट न हलवता धरा. पुन्हा बंद करा, मग वाडगा खाली घ्या. पुढचा भाग. हे चालू-बंद करायचा कंटाळा येतो आणि सगळे तिथेच चुकतात, कारण वाडगा आत नेताना किंवा बाहेर काढताना वारा चालू असला की तो बटांच्या मधून घुसून त्या उडवतो. वाडग्यात असताना बटेचं वजन वाडग्यावर असतं, खाली ओढलं जात नाही, म्हणून वेटोळं घट्ट आणि आखूड बसतं.

इथे उष्णता खरंच कमी पाहिजे. त्याच कोरियातल्या अभ्यासात डिफ्युझर नसलेल्या ड्रायरच्या झोतात 15 सेंटिमीटरवर केसाचं तापमान 47 अंशांच्या आसपास होतं आणि 5 सेंटिमीटरवर 95 पर्यंत गेलं. वाडग्यात तर केस टेकलेलेच असतात. घरच्या घरी तपासायचं तर डिफ्युझर मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून दहा आकडे मोजा. हात काढावासा वाटला तर ते डोक्यालाही जास्त आहे.

*तिसरा टप्पा, थंड हवा.* शेवटी दोन-तीन मिनिटं थंड बटण. गरम केस हाताला वाळल्यासारखे वाटतात आणि गार झाले की कळतं आत ओल आहे, ती फसवणूक यात उघड होते.

5. वाळले की नाही हे कसं ओळखायचं

वरच्या बटांवरून काही कळत नाही. कानामागे आणि मानेच्या खळग्यात, अगदी मुळाशी, बोटाचं टोक टेकवा, फिरवू नका. गार लागलं तर ओल आहे. कास्ट सगळीकडे सारखा कडक असेल आणि एखादी बट मऊ लोळत असेल तर ती बट ओली आहे.

कोरड्या हवेत 80-90 टक्के वाळल्यावर ड्रायर बंद करून उरलेलं हवेवर सोडलं तर छान मऊ राहतं, आणि बहुतेक ठिकाणी तसंच करायला सांगतात. कोकणातल्या पावसाळ्यात तसं करू नका. ते उरलेले 10-20 टक्के कधी वाळतच नाहीत, जेल चिकट राहतं आणि बटा तशाच सैल पडतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शेवटपर्यंत वाळवा.

पूर्ण वाळले आणि गार झाले की मगच तळव्याला दोन-तीन थेंब खोबरेल चोळून बटा खालून वर दाबा. कास्ट चुरून जातो, आतली बट मऊ आणि गोल बाहेर येते. ओल असताना कास्ट मोडला तर सगळी मेहनत पाण्यात. आणि पावसाळ्यात तो पूर्ण मोडूही नका, बाहेर जायचं असेल तर थोडा कडकपणा मुद्दाम ठेवा, संध्याकाळपर्यंत हवा तो मऊ करतेच.

6. स्वतःच्या केसांवर अर्धा-अर्धा करून बघा

माझं ऐकण्यापेक्षा हे करा. माझ्या मामेबहिणीने केलं ते सांगते, तिचं घर मालवणजवळ, केस खांद्याच्या खाली चार बोटं, दाट, करंगळीच्या जाडीची वेटोळी. जुलैमध्ये तिने सकाळी आठला केस धुतले, दोन्ही बाजूंना सारखंच जेल, सारखाच पंचा, मधोमध भांग. डावी बाजू हवेवर, उजवीला डिफ्युझर, 1200 वॅटचा, मंद वेगावर. डाव्या केसांना ड्रायरचा वारा लागू नये म्हणून त्यांच्यावर मोकळाच पंचा धरायला धाकट्या भावाला बसवलं होतं.

उजवी बाजू वरून दहा मिनिटं आणि वाडग्यात साधारण वीस मिनिटं अशी वाळली, थांबण्याचा वेळ धरून साडेनऊपर्यंत ती मोकळी. बटा डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड, मुळाशी उठाव, फक्त टाळूवर थोडे बारीक केस उभे, कारण तिथे तिने सुरुवातीला ड्रायर फार जवळ नेला होता. डावी बाजू एक वाजता अजून मानेपाशी गार होती. जेवण वाढताना तिने ती दोनदा मागे सारली, आणि तीन वाजता वाळली तेव्हा खालचा भाग ठीक पण वरचा थर सगळा धुरकट, बट कुठे सुरू होते तेच कळेना, टाळूला चप्प.

तेच तिने जानेवारीत परत केलं. साडेआठला धुतले, दवबिंदू 17, डावी बाजू हवेवर साडेअकराला वाळली. आणि या वेळी डावी जिंकली. बटा लांब, गुळगुळीत, एकेक वेगळी दिसणारी, तर उजवीकडे उठाव जास्त पण थोडी फुगलेली. म्हणजे केस तेच, जेल तेच, हात तेच, आणि उत्तर उलटं. आता ती मार्गशीर्षात ड्रायर कपाटात ठेवते आणि आगोटीला बाहेर काढते.

तुमचे केस पातळ असतील किंवा वेटोळी मोठी सैल असतील तर वेळा कमी येतील, आणि उठाव हवा म्हणून कदाचित हिवाळ्यातही डिफ्युझरच आवडेल. म्हणून स्वतःचं अर्धा-अर्धा करून बघणं बरं, एकदा पावसात, एकदा थंडीत.

7. नेहमी अडतं तिथे

*बाहेर पडताना छान, दोन तासांत फुगले.* वाळवण्यात चूक नाही, जेल कमी पडलं किंवा ग्लिसरिनवालं होतं. जेल वाढवून बघा, डिफ्युझरची वेळ वाढवू नका.

*फक्त टाळूवर फ्रिझ, खाली ठीक.* डिफ्युझर वरून फार जवळ धरला, किंवा वेग मध्यमवर होता. टाळूवर वारा बाजूने द्या, मुळांच्या दिशेने, वरून थेट खाली नको.

*बटा मधूनच वाकड्या, कोपरा आल्यासारख्या.* वाडग्यात एकाच वेळी खूप केस कोंबले. लहान भाग घ्या, डोक्याचे सहा-सात भाग करा.

*टोकं राठ, मुळं ओली.* सगळा वेळ वाडगाच वापरला. पहिल्या टप्प्यात मुळांना जास्त वेळ द्या.

*मधेच लाइट गेली.* आपल्याकडे पावसात हे होणारच. कास्ट आलेला असेल तर काही बिघडत नाही, मुळाशी क्लिपा लावा, इन्व्हर्टरवरचा पंखा एकवर ठेवून लांब बसा, लाइट आली की वाडग्यापासून पुढे सुरू करा. कास्ट यायच्या आधीच गेली तर पंचाने आणखी एक फेरी टिपून घ्या, क्लिपा लावा आणि हात बांधून बसा, पंखासुद्धा नको. तासभर झाला तरी लाइट आली नाही आणि बटा सैल पडायला लागल्या तर हात ओले करून बटा खालून एकदा स्क्रंच करा, जेल परत जागं होतं, नवीन लावायची गरज नाही. मग लाइट आल्यावर पहिल्या टप्प्यापासून. गणपतीत आरतीच्या वेळेआधी केस व्हायला हवे असतील तर म्हणूनच धुवायची वेळ किमान दीड तास मागे घ्या, आणि घरात कुरळ्या केसांच्या दोघी-तिघी असतील तर ज्यांचे केस सगळ्यात दाट त्यांनी पहिला नंबर लावायचा.